सांबरशिंगे सरांचा गुलाबफुग्या

एका जंगलात, मुलांनो, जिथे झाडं संपतात आणि चिखल सुरू होतो, तिथे एक खाडी होती. खाडीपुढे दर्या होता. जंगलाच्या सरकारी नकाशात त्या जागी नुसता निळा रंग फासून मध्ये राजाचं चित्र काढलं होतं, कारण नकाशा काढणारं माकड तिकडे कधी फिरकलंच नव्हतं.

खाडीच्या काठी पाणमांजरांची वस्ती होती. पाणमांजरं मासे धरायची, मासे विकायची आणि उरलेच तर मासे खायची. त्यांच्यात धाकू तांडेल नावाचा एक म्हातारा होता. तांडेल म्हणजे नावेचा म्होरक्या. आता त्याची नाव मोडली होती, पुढचे दात मोडले होते, पण तांडेलकी शाबूत होती. तो रोज सकाळी बाजारात बायकोच्या पाटीशेजारी जाऊन बसे आणि दुसऱ्यांच्या पाट्यांतले मासे ओळखे.

हा उद्योग बाजाराला अजिबात आवडत नसे. एखादी बाई दाढ्याचे तुकडे रावस म्हणून खपवत असली, की धाकू तिच्यासमोर उभा राहून प्रेमाने म्हणे, ‘‘दाढा झकास हाय गो आज!’’ गिऱ्हाईक पायाला पाय लावून पळे. कोणी म्हटलं, मासा आत्ताच उतरलाय, तर धाकू दोन बोटांनी त्याचा कल्ला उचले आणि आतला विटका रंग सगळ्यांना दाखवे. शिव्या खाऊन त्याचं पोट भरत असे. तरी तो अभिमानाने सांगे, ‘‘धाकू तांडेलाला वळखला नाय, असं म्हावरं या दर्यात अजून जल्मलं नाय.’’

‘‘आनि धाकू तांडेलाला गप बसवील असा मानूस पन जल्मला नाय,’’ त्याची बायको हिरूबाय म्हणे. ती पाटी सांभाळायची. घर तिच्यावर चालायचं. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं, पण बोलायचा मान त्याचा होता.

आता जंगल म्हटलं की राजा आला, आणि राजा आला की विद्यापीठ आलंच. त्या विद्यापीठात मत्स्यशास्त्राचा मोठा विभाग होता. इमारत होती, पाटी होती, पाटीवर सोनेरी मासा होता. खरा मासा नव्हता, कारण प्राध्यापक सांबरशिंगे सरांना वासाचा त्रास होई. सर जातीने सांबर. शिंगं इतकी फाटे फुटलेली, की दारातून आत यायला सरांना मान वाकवावी लागे. विद्यार्थ्यांना वाटे, काय हो विनय!

सरांच्या हाताखाली केतकी नावाची एक खार शिकत होती. पोर हुशार होती, हा तिचा दोष. तिला एक शोध लावायचा होता, त्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. म्हणून ती मोबाइल घेऊन बंदरावर गेली. मासळीचा दलाल तरसशेठ याच्या शेडमध्ये तिला टोपलीत एक मोठा मासा पडलेला दिसला. असा मासा तिने कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. तिने फटकन फोटो काढला. दुसरा काढणार तोच तरसशेठने तिला हाकललं.

सरांनी तो फोटो पाहिला. मोठा करून पाहिला. उलटा करून पाहिला. मग खुर्चीतून उठले.

‘‘केतकी, हा मासा विज्ञानाला अज्ञात आहे.’’

‘‘सर, म्हणजे आपल्याला अज्ञात आहे?’’

‘‘तेच ते,’’ सर म्हणाले.

फोटोतल्या माशात दोन गोष्टी विचित्र होत्या. एक म्हणजे त्याच्या तोंडातून गुलाबी फुगा बाहेर आला होता. दुसरी म्हणजे त्याचं पोट पार खपाटीला गेलं होतं, दुष्काळातल्या बैलासारखं. सरांनी दोन्हींचा अर्थ लावला. फुगा मादीला भुलवण्यासाठी असतो. आणि पोट खपाटीला जातं, कारण विणीच्या काळात नर कडक उपास करतो. सर स्वतः चातुर्मास पाळत असत, त्यामुळे हा अर्थ त्यांना लगेच सुचला. माशाचं नाव त्यांनी ‘सांबरशिंगी गुलाबफुग्या’ असं ठेवलं.

दरबारात बातमी गेली. सिंहमहाराजांना काहीतरी नवं हवंच होतं. जुन्या घोषणा शिळ्या झाल्या होत्या. त्यांनी गुलाबफुग्याला जंगलाचा मानबिंदू केलं. चौकात त्याचा सिमेंटचा पुतळा उभा राहिला, फुग्यासकट. आणि महाराजांनी फर्मान काढलं, की हा दुर्मीळ जीव वाचवण्यासाठी खाडीत आणि समोरच्या दर्यात मासेमारी बंद. जाळं दिसलं की जप्त. रानडुकरांचा पहारा बसला.

पाणमांजरांच्या चुली थंडावल्या. नावा चिखलात आडव्या पडल्या. हिरूबायने पाटी उपडी घातली, तिच्यावर बसली आणि बाजाराच्या रिकाम्या वाटेकडे बघत राहिली. पोरं कांदळवनात जाऊन खेकड्यांची रिकामी कवचं चघळू लागली. रानडुकरं आळशी होती म्हणून बरं. ती घोरायला लागली की एखादं पाणमांजर गुपचूप चार बोंबील काढून आणे. त्यावर वस्ती कशीबशी तग धरून होती. पण चार बोंबलांवर वस्ती किती दिवस जगणार?

अशात एके सकाळी केतकी धाकूच्या अंगणात आली.

‘‘तांडेलबाबा, सरांचा प्रबंध छापायला चाललाय. त्यात माशाचं स्थानिक नाव द्यावं लागतं. तुमच्यात गुलाबफुग्याला काय म्हणतात?’’

‘‘ज्याच्यापायी आमी उपाशी मरतोय, तोच ना त्यो? शिव्या देतात. लिवून घे.’’

‘‘तुम्ही त्याला पाहिलंय का कधी?’’

‘‘कोनी पायलाय? पुतला तेवडा पायला. त्याला बगून माज्या बायकोनं विचारलं, ह्या माशाची जीभ भाजली का?’’

केतकीने मोबाइल पुढे केला. धाकूने तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग उन्हाकडे पाठ करून बसला. बराच वेळ बोलला नाही. हिरूबाय घाबरली, कारण असं कधी होत नसे.

मग म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

‘‘पोरी, ही घोळ हाय.’’

‘‘घोळ? पण घोळ मी पुस्तकात पाहिलीय बाबा. ती अशी नसते.’’

‘‘पुस्तकातली घोळ अख्खी असते. ही बाजारातली हाय.’’ त्याने नखाने फोटोवर रेघ ओढली. ‘‘ही बग, कल्ल्यापासून अंगावरनं रेघ निघालीय. बाकीच्या म्हावऱ्याची रेघ शेपटाच्या मुळाशी संपते. हिची शेपटात शिरून पार टोकापतूर गेलीय. अशी रेघ घोळीला, कोथीला, ढोम्याला, त्यांच्याच भावकीत. ढोमा येवडा मोटा होत नाय. कोथीचं शेपूट भाल्यागत निमुळतं, आनि तिच्या अंगावर ठिपके नसतात. हिच्या पाठीच्या पंखावर बग, काळे ठिपके. वय झालंय म्हनून पुसट झालेत. घोळच.’’

‘‘मग तो फुगा?’’

‘‘फुगा कसला! ती तिची खायाची पिशवी, खाल्लेलं जातं ती. घोळीच्या पोटात, पाठीच्या काट्याला चिकटून, एक हवेची पिशवी असते. तिला आमी बोत म्हनतो. तिच्यावर ती पान्यात तोलून ऱ्हाते. खाली पान्याचा भार असतो. जाळ्यात धरून झपकन वर ओढली, की भार कमी होतो आनि आतली हवा फुगते. बोत फुगला की पोटात जागा पुरत नाय. मग त्यो खायाच्या पिशवीला ढकलतो, आनि ती तोंडातनं उलटी भाईर येते. खोल पान्यातनं काडलेल्या घोळीचं हे नेहमीचं हाय.’’

केतकीने मोबाइल परत घेऊन पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण पोर हुशार होती, हे मी मघाशीच सांगितलंय.

‘‘बाबा, बोत एवढा फुगला होता, तर पोट फुगलेलं दिसायला हवं. हिचं तर खपाटीला गेलंय.’’

‘‘आता कसं बोललीस!’’ म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. ‘‘तोंड सांगतंय की बोत होता. पोट सांगतंय की बोत नाय. मधल्या वेळात कोनाची तरी सुरी फिरलीय.’’

‘‘पण कापलेलं कुठे दिसतंय?’’

‘‘कापलेली बाजू खाली घालतात गो. मासळीवाला काय तुला जखम दावील? पन इकडं बग, पोटाखाली, मळाच्या भोकापासनं पुढं तळव्याएवढी जागा. तितली खवलं गेलीत. तिथं हात टेकवून धरलंय. घरी खायाला साफ केली असती तर चीर गळ्यापतूर मारली असती, कल्ले काडले असते. हिचे कल्ले हाईत जागच्या जागी. म्हंजी ज्यानं कापली त्याला फकस्त बोत पायजे होता. चीर आखूड मारायची, म्हंजी मास चांगलं ऱ्हातं आनि त्याचे वेगळे पैशे येतात.’’

इतका वेळ हिरूबाय नवऱ्याच्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, ‘‘आवो, म्हावरं काय बगताय? मागं दोरीवर बगा.’’

माशाच्या मागे, शेडच्या अंधारात, एका दोरीवर पिवळट लांबट काहीतरी लोंबत होतं.

‘‘सर म्हणाले, ते तरसशेठचे मोजे आहेत,’’ केतकी म्हणाली.

‘‘तरसानं कंदी मोजे घातलेत का?’’ हिरूबाय म्हणाली. ‘‘बोत हाईत ते. वाळत घातलेत.’’

केतकीने मोबाइल बंद केला. तिचा शोध गेला होता. पण समोर उपडी घातलेली पाटी होती आणि पाटीशेजारी कवच चघळणारं पोर होतं. ती म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही दरबारात चला. एवढंच सांगा. बंदी उठेल.’’

आता मुलांनो, एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या बाजाराचा एक जुना रिवाज होता. बाकी माशांचा लिलाव ओरडून व्हायचा. घोळ आली की ओरडा थांबे. दलाल आणि तांडेल एकमेकांचा हात पंच्याखाली धरत, बोटं दाबून भाव ठरवत आणि काही न बोलता उठत. बोताबद्दल उघड्यावर अक्षर काढायचं नाही. तरस झाला तरी हा रिवाज पाळे. का, ते कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. आजोबा गप्प बसले म्हणून बाप गप्प बसला, बाप गप्प म्हणून मुलगा. असे रिवाज मूर्खपणाचे वाटतात. शिकलेल्यांना तर फारच वाटतात.

केतकीने दरबारात वर्दी दिली आणि महाराजांचं बोलावणं आलं. धाकू निघाला तो छाती काढूनच. जन्मभर ज्याने मासे ओळखले म्हणून शिव्या खाल्ल्या, त्याला मासा ओळखायला राजाने बोलावलं होतं. त्याने धुतलेली लुंगी नेसली. मिशांना खोबरेल लावलं.

दरबार भरला. सांबरशिंगे सर शिंगं सांभाळत पुढे आले.

‘‘महाराज, या गृहस्थांचं शिक्षण काय?’’

‘‘दर्या,’’ धाकू म्हणाला.

‘‘कोणत्या विद्यापीठाशी संलग्न?’’

दरबार हसला. महाराजही हसले, कारण दरबार हसला होता. मग धाकूने फोटोवरून सगळं सांगितलं, रेघ, ठिपके, फुगा, आखूड चीर. सर शांतपणे ऐकत होते. अज्ञानाला घाई नसते.

‘‘छान गोष्ट आहे,’’ सर म्हणाले. ‘‘संदर्भ?’’

‘‘संदर्भ तो बसलाय कोपऱ्यात. तरसशेठ.’’

तरसशेठ खोकला.

‘‘मी म्हणतो, माझा गुलाबफुग्या उपास करतो,’’ सर म्हणाले. ‘‘हे म्हणतात, त्याच्या पोटातून काहीतरी चोरीला गेलंय. न दिसणाऱ्या वस्तूवर विज्ञान चालत नाही, महाराज.’’

‘‘मंग दिसनारी आनतो,’’ धाकू म्हणाला. ‘‘तरसशेठच्या बरफात एक अख्खी घोळ असंल. बंदी असली तरी असंल.’’

ती होती. तरसशेठ म्हणाला, आजारी सासूसाठी ठेवली होती. दरबाराच्या दगडावर घोळ ठेवली गेली. तोंडात तसाच गुलाबी फुगा. पोट मात्र टम्म.

धाकूने सुरी घेतली. मळाच्या भोकापासून पुढे त्याने हलकी चीर मारली, नुसती कातडी सुटेल एवढी. ‘‘खोल गेली सुरी की बोताला भोक. भोक पडलं की गेला भाव,’’ तो म्हणाला. मग सुरी बाजूला ठेवून त्याने हात आत घातला. डोळे मिटले. पाठीच्या काट्याला चिकटलेली पिशवी बोटांनी, जरा जरा करत, कडेकडेने सोडवत आणली. केतकी शेपूट गच्च धरून बघत होती.

बोत बाहेर आला. पांढरा, ओलसर, गाजरासारखा एका टोकाला निमुळता, आणि दोन्ही कडांना मुळ्यांसारखी बारीक बारीक झालर. आणि घोळीचं पोट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खपाटीला गेलं. दगडावर सांबरशिंगी गुलाबफुग्या पडला होता.

दरबार ‘वा’ म्हणाला. केतकीने टाळी वाजवली आणि सरांकडे बघून मध्येच थांबवली. सरांनी चष्मा पुसला.

मुलांनो, गोष्ट इथे संपली असती तर तुमच्या पाठ्यपुस्तकात आली असती. पण महाराजांनी विचारलं, ‘‘तांडेल, एवढ्या निगुतीने काढायला त्या पिशवीत आहे तरी काय?’’

धाकूला पंच्याखालचे हात आठवायला हवे होते. पण समोर राजा होता. भोवती दरबार होता. जन्मात पहिल्यांदा लोक त्याचं ऐकत होते, आणि बाजारातल्या माणसाला मासा नुसता ओळखून भागत नाही. त्याचं मोल सांगितल्याशिवाय ओळख पुरी झाली असं त्याला वाटत नाही.

‘‘काय हाय? आवो महाराज, मास काय, ते तर कोनी पन खातं. घोळीची समदी किंमत हितं हाय! रगात पुसायचं, वरचा पापुद्रा काडायचा, सावलीत वाळवायचा. वाळला की मधागत रंग येतो. मग जातो परमुलखात. थितले सावकार त्याचं सूप पितात. दारू नितळ करायला वापरतात. नराचा बोत जाड, म्हनून त्याला जास्ती भाव. मादीचा पातळ, त्याला कमी.’’ आणि त्याने भाव सांगितला.

तो मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि तुमच्यापैकी काही पुढे राजे होतील.

महाराजांनी मिशीवरून जीभ फिरवली. तरसशेठने कपाळाला हात लावला. मागच्या रांगेत बसलेली हिरूबाय उठली आणि कोणाला न सांगता घरी निघाली. धाकूला ती जाताना दिसली. तो अजून बोलतच होता, पण आवाज खाली आला.

‘‘तांडेल,’’ महाराज म्हणाले, ‘‘तू आमचे डोळे उघडलेस. गुलाबफुग्या नावाचा प्राणी नाही. सबब, त्याच्या रक्षणासाठी घातलेली बंदी आम्ही या क्षणी उठवत आहोत.’’

टाळ्या पडल्या.

‘‘आणि घोळीच्या रक्षणासाठी नवी घालत आहोत. एवढा मौल्यवान जीव अडाण्यांच्या जाळ्यात जाणं योग्य नाही. यापुढे खाडी आणि दर्या राजमान्य ठेकेदाराचा.’’

राजमान्य ठेकेदार कोण, हे विचारायच्या आत तरसशेठ पुढे येऊन वाकला होता. कपाळावरचा हात त्याने नमस्काराला वापरला.

सांबरशिंगे सरांचं काय झालं म्हणता? विद्वान कधी पडत नाही. तो फक्त विषय बदलतो. सर ‘राजकीय बोत संशोधन मंडळा’चे अध्यक्ष झाले. त्यांनी प्रबंध लिहिला, की आखूड छेद आणि उलटलेलं जठर यांवरून बाजारातली घोळ ओळखण्याची पद्धत त्यांनी शोधली आहे. तळटीपेत लिहिलं, ‘एका वृद्ध स्थानिकाचे आभार.’ केतकीला पदवी मिळाली. पुतळ्याचा फुगा फोडण्यात आला आणि त्याच्या जागी महाराजांचं नाव कोरलं गेलं.

आणि धाकू तांडेलाला दरबाराने शाल दिली, नारळ दिला आणि ‘अधिकृत मत्स्यतज्ज्ञ’ असा कागद दिला. नारळ हिरूबायने आमटीत घातला. त्या आठवड्यात घरात दुसरं काही नव्हतं.

पहिल्या बंदीतली रानडुकरं घोरायची. एका प्राध्यापकाच्या माशासाठी कोण डोळ्यात तेल घालून बसणार? आताची रानडुकरं ठेकेदाराच्या पगारावर होती आणि त्यांना झोप म्हणून येत नव्हती. चार बोंबीलही निघेनासे झाले. निम्मी वस्ती उठून वरच्या नदीला गेली. उरलेली पाणमांजरं ठेक्यावर हमाली करू लागली, स्वतःच्याच दर्यातल्या घोळींच्या टोपल्या वाहू लागली. बाजारात धाकूशी कोणी बोलेना. पूर्वी शिव्या तरी देत.

तरसशेठच्या मोठमोठ्या बोटी रात्रंदिवस ओढत होत्या. मोठ्या घोळी संपल्या. मग मधल्या संपल्या. नर, मादी, अंड्यावर आलेली, काही बघितलं नाही. मग एका मोसमात एकही लागली नाही. तरसशेठने ठेका गुंडाळला, बोटी दुसऱ्या जंगलात नेल्या. पहारा उठला, कारण राखायला काही उरलं नव्हतं. पाणमांजरं पुन्हा आपल्या फुटक्या नावा घेऊन खाडीत गेली आणि बोंबील, कोळंबी, मांदेली, मिळेल ते आणू लागली. चुली पेटल्या. हिरूबायने पाटी सुलटी केली. फार वर्षांनी ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘भात जरा जास्ती घेवा.’’ त्याने घेतला.

अशाच एका सकाळी केतकी परत आली. आता ती विद्यापीठात शिकवत होती आणि तिच्या हातात नवा मोबाइल होता.

‘‘तांडेलबाबा, मंडळ सगळ्या खाडीची नोंद करतंय. कुठे काय मिळतं, त्याची किंमत काय. महाराजांना नवा ठेका काढायचाय. काल तुमच्या वस्तीतल्या एका पोराच्या जाळ्यात हे मिळालं. मला ओळखता येईना. सर म्हणाले, अधिकृत तज्ज्ञांना विचारा. ते म्हणतील ते छापू.’’

धाकूने मोबाइल हातात घेतला. या खेपेला लांब धरायची गरज पडली नाही. तळव्यात मावेल एवढंसं पिल्लू. पाठीवर काळ्या डागांचे पट्टे, पंखांवर ठिपकेच ठिपके, अजून एकही पुसट न झालेला. दर्याने एवढ्या लुटीनंतर कुठेतरी खोलात काही घोळी मागे ठेवल्या होत्या आणि त्यांची पोरं खाडीच्या तोंडाशी वाढायला आली होती.

म्हाताऱ्याचे ओठ हलले. त्याच्या अंगात जन्मभराची खोड होती आणि ती त्या क्षणी घशाशी आली होती. त्याने हिरूबायकडे पाहिलं. ती बोंबील निवडत होती. तिने वर बघितलं नाही, पण तिचे हात थांबले होते.

‘‘ढोमा हाय,’’ धाकू म्हणाला.

‘‘ढोमा?’’

‘‘ढोमाच. असाच ऱ्हातो, मोटा होत नाय. मानसं खात नाय, कोंबड्यांना घालतात. किंमत काय नाय.’’

केतकी फोटोकडे बघत राहिली. पोर हुशार होती, आणि आता तर ती शिकलेलीही होती. तिने फोटो बोटांनी मोठा केला, माशाच्या पाठीवरून नजर नेली, मग धाकूच्या तोंडाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान खाली घातली होती. जन्मात पहिल्यांदा त्याने दाढ्याला रावस म्हटलं होतं आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

‘‘ढोमा,’’ केतकी म्हणाली आणि तसं नोंदवलं.

मंडळाने ते मान्य केलं. घोळीला घोळ म्हणताना धाकूला फोटो समजावावा लागला होता, मासा कापावा लागला होता, पोटात हात घालावा लागला होता. घोळीला ढोमा म्हणताना त्याला कोणी ‘संदर्भ?’ असं विचारलं नाही. सांबरशिंगे सरांनी स्वतः सही केली : खाडी निरुपयोगी, ठेका नको.

तात्पर्य : ज्ञान दिल्याने वाढते, पण ज्याला दिले त्याच्याच घरी. म्हणून मुलांनो, शहाण्याने ते स्वतःजवळ ठेवावे. सरकारने फारच आग्रह केला तर चुकीचे द्यावे. आणि त्याआधी एक शाल मिळवून ठेवावी.